लोकलच्या गर्दीचा ‘ट्रॉमा’

प्रश्न: रोज ठाण्याला फास्ट लोकल सुटली की आमचा ग्रुप ‘ट्रॉमा झाला’ म्हणतो. डॉक्टरांच्या भाषेतला ट्रॉमा तोच का?

नाही. तुमचा तो वैताग. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डीएसएम-५’ या पुस्तकात ट्रॉमा म्हणजे मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा, प्रत्यक्ष किंवा अगदी अंगावर आलेली. ती स्वतःवर ओढवलेली असो, समोर पाहिलेली असो, की जवळच्या माणसावर ओढवल्याचं कळलेलं असो. व्हॉट्सअ‍ॅपवर अपघाताचा व्हिडिओ पाहणं सहसा त्यात धरत नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका ताईंनी कळव्याजवळ दारातला मुलगा खाली पडताना पाहिला. त्यानंतर झोप उडाली, ब्रेकचा आवाज आला की दचकायच्या, ते दृश्य डोळ्यांपुढे यायचं. पंधरा दिवस त्या ट्रेन टाळून बसने ऑफिसला गेल्या. घरचे लगेच ‘पीटीएसडी’, म्हणजे ट्रॉमानंतर जडणारा मानसिक आजार, म्हणू लागले, तेही घाईचंच. ते निदान लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकली तरच करतात. शिवाय घटना पुन्हापुन्हा आठवणं, टाळाटाळ, मनःस्थिती आणि विचार काळवंडणं, सतत सावध राहणं ही चारही प्रकारची लक्षणं लागतात आणि कामधंदा किंवा नाती बिघडलेली असावी लागतात. पहिल्या महिन्यात त्रास तीव्र असेल तर वेगळं नाव आहे, अ‍ॅक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर.

ताई तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लेडीज डब्यात चढल्या, फक्त दारापासून लांब. म्हणजे घटना ट्रॉमाचीच होती, पण पीटीएसडी झाला नाही. बहुतेकांचं असंच होतं.