दाखला नको, जनरल रजिस्टर बघा

"आमच्या तालुक्यात १७ वर्षांखालील कबड्डीत एक मुलगा उघड उघड मोठा दिसतो, पण त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख नियमात बसते. कागदावरून खरं वय शोधता येतं का?"

येतं, पण शेवटच्या शाळेचा दाखला बघून नाही. मी क्रीडाशिक्षक आहे, स्पर्धांच्या कागदपत्र छाननीत बरीच वर्षं बसलोय. दाखला म्हणजे नकलेची नक्कल. नव्या शाळेने जुन्या शाळेच्या दाखल्यावरून तारीख उतरवलेली असते, त्या शाळेने त्याआधीच्या शाळेच्या. मूळ नोंद असते ती पहिलीत प्रवेश घेताना, गावातल्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरला. तारखेत फेरफार झालाच असेल तर तो बहुतेक वेळा शाळा बदलताना झालेला असतो. म्हणून दाखल्यावरचं 'यापूर्वीची शाळा' हे नाव धरून एकेक पायरी मागे जायचं.

२०२२ सालची एक हरकत सांगतो. अट होती १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतरचा जन्म. बारावीतल्या त्या मुलाच्या कागदावर तारीख होती ११ फेब्रुवारी २००६. पहिलीला तो जून २०११ मध्ये बसला, म्हणजे तेव्हा पाच वर्षं चार महिन्यांचा. लवकर घातलेली मुलं असतात, त्यामुळे एवढ्यावर काही सिद्ध होत नव्हतं. जिल्हा परिषद शाळेचं रजिस्टर मागवलं, तर तिथे २००५. मधल्या हायस्कूलला, जिथे तो आठवी शिकला, तिथेही २००५. नववीला त्याने शाळा बदलली होती आणि २००६ तिथून सुरू होत होतं.

मग मधल्या शाळेच्या दाखला-पुस्तकातली स्थळप्रत काढली आणि नव्या शाळेच्या फाइलमधला दाखला शेजारी ठेवला. क्रमांक तोच, शाई तीच. अंकातल्या ५ चा ६ सफाईने केला होता. पण तारीख अक्षरीही लिहिलेली असते ना! 'पाच'चा 'सहा' करताना कागद खरवडला गेला होता, आणि उजेडासमोर धरल्यावर तिथून बोटं दिसत होती. तारीख रीतसर बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि त्या आदेशाचा उल्लेख रजिस्टरच्या शेऱ्यात येतो. इथे शेऱ्याचा रकाना कोरा होता.

निर्णय पक्का झाला तो मात्र जुन्या स्पर्धेच्या कागदामुळे. २०१८ मध्ये हाच मुलगा आठवीत असताना १४ वर्षांखालील संघात खेळला होता. मुख्याध्यापकांच्या सहीच्या त्या प्रवेश अर्जावर, फोटोसकट, २००५ होतं. तेव्हा त्या तारखेने तो नियमात बसत होता, खोटं लिहायचं कुणाला कारणच नव्हतं. म्हणून माझा भर सुरुवातीच्या स्पर्धांच्या अर्जांवर असतो. वय लपवायची गरज पडण्याआधीचा कागद सर्वांत बोलका.

मोठ्या खेळातही हेच झालंय. चीनची जिम्नॅस्ट डोंग फांगशिआओ हिची सिडनी ऑलिंपिकला (२०००) नोंदवलेली जन्मतारीख १९८३ ची होती. २००८ ला बीजिंगमध्ये ती अधिकारी म्हणून काम करायला आली, तेव्हा तिच्या कागदांवर १९८६ आलं. म्हणजे सिडनीत ती १४ वर्षांची होती आणि किमान वय होतं १६. २०१० मध्ये चीनचं सांघिक कांस्यपदक काढून अमेरिकेला दिलं गेलं. तिथे वय वाढवलेलं होतं, पण पकडलं गेलं दोन काळांतले कागद एकमेकांशी जुळवूनच.

आता एक सावधगिरी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. रजिस्टरला १ जून दिसली तर लगेच बोट दाखवू नका. आपल्याकडे कितीतरी मुलांची ती तारीख मास्तरांनी अंदाजे लावलेली असते, त्यात पोराचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ मध्ये बिराद मल सिंघवी खटल्यात म्हटलंय की, तारीख कुणी सांगितली हे कळल्याशिवाय शाळेच्या नोंदीला फारसं वजन नाही. अशा वेळी जन्मदाखला मागा आणि त्यावर जन्मतारखेइतकीच 'नोंदणी दिनांक' ही ओळ वाचा. जन्मानंतर २१ दिवसांत झालेली नोंद भरवशाची. वर्ष उलटल्यावरची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावरून होते, म्हणून तो आदेश कोणत्या पुराव्यावर दिला गेला हे बघावं लागतं. खेळात नाव झाल्यावर नोंदणी झाली असेल तर जास्तच बारकाईने.

दुसऱ्याच्या मुलाचा दाखला शाळा तुमच्या हातात देणार नाही आणि देऊही नये. आयोजकांकडे ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. पहिल्या शाळेचं जनरल रजिस्टर, मधल्या शाळेची स्थळप्रत आणि १४ वर्षांखालील स्पर्धेचा प्रवेश अर्ज मागवावा, असं त्यात नाव घेऊन लिहा. नुसतं 'वयाची चौकशी करा' लिहिलंत तर समिती तोच शेवटचा दाखला पुन्हा बघेल. आणि निकाल लागेपर्यंत मुलाचा फोटो ग्रुपवर फिरवू नका. आमच्या प्रकरणातल्या पोराला शेवटपर्यंत माहीत नव्हतं की कागदावर हात कुणी चालवला.