प्रकरणाच्या सारांशात कलाटणी कशी टिकवावी?

प्रश्न: "माझ्या कादंबरीचे चौथे प्रकरण चाळीस पानांचे आहे. प्रकाशकांना प्रत्येक प्रकरणाचा सारांश एका परिच्छेदात हवा आहे. माझा सारांश तीन पानांखाली येत नाही आणि आणखी कापले की कथानकच हरवते. नेमके काय ठेवावे?"

उत्तर: माझ्या पहिल्या कादंबरीच्या वेळी मीही इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. तीन पाने होतात, कारण बहुधा तुम्ही प्रत्येक प्रसंगाला त्याच्या पानांच्या प्रमाणात जागा देत आहात. सारांशात हे प्रमाण सोडून द्यावे लागते.

माझे प्रकरण गोदावरीला पूर आलेल्या एका रात्रीचे होते. पाणी नाशिकच्या नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत चढते आणि भांडी बाजारातील एका दुकानात हंडे, घागरी, पराती माळ्यावर चढवण्याची धांदल उडते. निम्मे प्रकरण यातच जाते. पुढे थोरली मुलगी सुलभा हिला तिजोरीत एक कागद सापडतो, त्यावरून वडिलांशी बोलणे होते, मध्येच धाकटा भाऊ मोहन शेजारच्या दुकानदाराशी भांडतो. पहाटे सुलभा तो कागद आपल्या पिशवीत टाकते. या शेवटच्या कृतीला जेमतेम अर्धे पान होते, पण कादंबरी वळते ती तिथेच.

अशी जागा ओळखण्यासाठी मी प्रत्येक प्रसंग मनात खोडून पाहतो आणि पुढच्या प्रकरणात कोणी वेगळे वागेल का, एवढेच विचारतो. शेजाऱ्याशी झालेले भांडण खोडले तर काहीच बदलत नाही, तेव्हा ते कितीही रंगले असले तरी जाते. पूर मात्र पूर्ण खोडता येत नाही, कारण त्याच्यामुळेच तिजोरी उघडली जाते. त्याला अर्धे वाक्य पुरते. कागद लपवणे खोडले, तर पुढचे प्रकरणच उभे राहत नाही. "सुलभा हादरते", "तिच्या मनात काहूर माजते" अशी वाक्येही काढावीत. हादरल्यावर ती काय करते, ते लिहावे. या चाळणीतून जे उरले, त्याचा परिच्छेद असा झाला:

"गोदावरीच्या पुरात दुकानातील माल वाचवताना सुलभा तिजोरी रिकामी करते, तेव्हा वडिलांनी दुकान मामांना विकण्याचा करार करून इसारही घेतल्याचे तिला कळते. जाब विचारल्यावर वडील सांगतात, की आईच्या उपचारांसाठी त्यांनी हा व्यवहार केला असून मोहनला त्याची कल्पना नाही. पहाटे ते मोहनला सारे सांगायला निघतात. पण तो घर सोडून जाईल या भीतीने सुलभा त्यांना अडवते आणि कराराचा कागद स्वतःकडे ठेवून घेते. त्यामुळे दुकान आपलेच आहे अशा समजुतीत मोहन त्याच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचे ठरवतो."

यात नावे दोनच आहेत, बाकीची माणसे नात्याने ओळखू येतात; क्रियापदे वर्तमानकाळात आहेत आणि वाक्ये "पण", "त्यामुळे" अशा कार्यकारणाच्या शब्दांनी जोडली आहेत. तुमच्या परिच्छेदात "नंतर" आणि "मग" हेच शब्द पुन्हा पुन्हा येत असतील, तर घटना उरल्या आहेत आणि कथानक निसटले आहे असे समजावे.

आता ज्या गोष्टीने माझे सर्वांत जास्त नुकसान केले, ती सांगतो. एका प्रकाशनसंस्थेच्या कार्यालयातून मला निक्षून सांगण्यात आले होते, की प्रकरणाचा शेवट उघड करू नका, वाचणाऱ्याची उत्सुकता राहू द्या. त्याप्रमाणे शेवटची दोन वाक्ये काढून मी लिहिले, "सुलभा आता काय करणार?" अनेक महिन्यांनी हस्तलिखित परत आले, तेव्हा सोबत शेरा होता, की मोहन कर्ज का काढतो हे कळत नाही आणि कथानक सैल आहे. ज्यांनी वाक्ये काढायला लावली, त्यांच्याच संस्थेने ती नसल्याचा दोष कादंबरीला लावावा, याचा राग मला आजही येतो. उत्सुकता ताणणे हे मलपृष्ठावरच्या मजकुराचे काम आहे. सारांश वाचणाऱ्या संपादकाला कथानक सांधलेले आहे की नाही हे ठरवायचे असते आणि त्यासाठी त्याला शेवट कळलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अर्थात, तुमच्या प्रकाशकांनी शब्दमर्यादा किंवा नमुना लेखी दिला असेल, तर तोच पाळावा. माझा अनुभव सामाजिक आणि कौटुंबिक कादंबऱ्यांपुरता आहे, रहस्यकथेबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा, कारण जुन्या फाँटमधील अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर अनेकदा वाचता येत नाहीत.

शेवटची तपासणी म्हणून लागोपाठच्या तीन प्रकरणांचे परिच्छेद, कादंबरी न वाचलेल्या कोणाला तरी सलग वाचायला द्या. जिथे ती व्यक्ती "हे कुठून आले?" असे विचारेल, त्याच्या आधीच्या परिच्छेदात एखादा निर्णय गळला आहे, तेवढे एक वाक्य परत घाला आणि जागा हवी असेल तर वर्णनातले एक काढा.