मोबाइल कवितेत प्रतीक कधी होतो?

प्रश्न: एकटेपणाच्या हल्लीच्या कवितांत मोबाइल, स्क्रीन सारखे येतात. ते खरंच प्रतीक कधी होतात?

उत्तर: त्या यंत्राची एखादी नेमकी खोड ओळीत कामाला लागली, की. ‘टायपिंग…’ घ्या. पत्राच्या काळात समोरचा लिहायला बसला आणि तसाच उठला, हे कळायचंच नाही. आता ती अक्षरं उमटतात, विझतात आणि मेसेज येतच नाही. नकार नव्हे, माघार. तीही आपल्या डोळ्यांदेखत. ‘तू लिहीत होतास / एवढंच पोचलं’ इतकं पुरतं.

उलट ‘स्क्रीनच्या उजेडात मी एकटा’ यात स्क्रीनऐवजी कंदील घालून बघा. ओळ तशीच चालते, म्हणजे मोबाइल तिथे निव्वळ सामान (बऱ्याच कविता इथेच आपटतात). शिवाय ॲप बदललं की ‘टायपिंग…’सारख्या खुणा जुन्या होतात, म्हणून खुणेच्या नावापेक्षा तिचं वागणं लिहिलेलं बरं.