थाळीचा दर वाढवला तर गल्ला वाढेल की घटेल?

प्रश्न: माझी छोटी खाणावळ आहे. थाळी ८० रुपयांना, दिवसाला साधारण १०० थाळ्या जातात. दर १०० केला तर गल्ला वाढेल की कमी होईल?

उत्तर: आज तुमचा गल्ला ८,००० रुपये आहे. १०० रुपये दराने तेवढेच पैसे ८० थाळ्यांत जमतात. म्हणजे वीसपेक्षा कमी थाळ्या घटल्या तर गल्ला वाढेल, वीसपेक्षा जास्त घटल्या तर कमी होईल. मे २०२५ मध्ये मुंबईत बेस्टने बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये केलं. तिथे त्या टप्प्यातले निम्म्याहून जास्त प्रवासी गेले असते तरच त्या टप्प्याची कमाई घटली असती.

मी अर्थशास्त्र शिकवतो. आमच्याकडे याला मागणीची लवचिकता म्हणतात: खप किती टक्क्यांनी घटला, भागिले दर किती टक्क्यांनी वाढला. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर दरवाढीने एकूण प्राप्ती वाढते, जास्त आलं तर घटते. पण टक्केवारी काढताना जपा. ८० चे १०० म्हणजे २५ टक्के वाढ, १०० च्या ८० थाळ्या म्हणजे २० टक्के घट, भागाकार ०.८. नियमाप्रमाणे गल्ला वाढायला हवा, पण तो ८,०००च राहतो! एवढ्या मोठ्या दरवाढीत टक्केवारी जुन्या आकड्यावर न काढता जुन्या-नव्याच्या सरासरीवर काढावी. इथे दराची सरासरी ९० आणि थाळ्यांचीही ९०. दोन्ही बदल २० चे, म्हणून भागाकार बरोबर १ येतो.

आता किती गिऱ्हाइकं जातील, हे त्यांना दुसरीकडे काय मिळतं यावर ठरतं. जेवण कोणी सोडत नाही, पण तुमची खाणावळ सोडू शकतं. शेजारी ८० लाच थाळी मिळत असेल तर लवचिकता सहज एकाच्या वर जाईल; आसपासच्या सगळ्यांनीच दर वाढवले तर बरीच खाली येईल. महिन्याचे मेंबर आगाऊ पैसे भरून बसलेले असतात, ते लगेच हलत नाहीत. त्यामुळे पहिल्या आठवड्याचा गल्ला बघून निष्कर्ष काढू नका. पुढच्या महिन्यात किती मेंबर पैसे भरतात ते बघा, आणि रोख थाळ्यांची मोजणी वेगळी ठेवा. सुट्ट्या-परीक्षांमुळे खप हलत असेल तर तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

आणखी एक हिशेब मात्र कराच. समजा एका थाळीमागे किराणा, भाजी, गॅस मिळून ५० रुपये जातात. आज १०० थाळ्यांवर ३,००० रुपये उरतात. दर वाढवून थाळ्या ७० वर आल्या तर गल्ला ७,००० वर घसरेल, पण हातात ३,५०० उरतील. त्यातूनच जागेचं भाडं आणि पगार द्यायचे असल्यामुळे, या आकड्यांवर मी दर वाढवेन. थाळ्या ६० च्या खाली गेल्या तरच तुम्ही आजच्यापेक्षा तोट्यात जाल.