सलिल की सलील?

प्रश्न : मुलाचं नाव सलिल ठेवायचं ठरतंय. सासरचे म्हणतात ‘सलील’ लिहा, तेच बरोबर. अर्थात काही फरक पडतो का? आणि इंग्रजी स्पेलिंग कोणतं ठेवावं?

फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. पण ‘तेच बरोबर’ म्हणणारा जो कुणी असेल त्याचं ऐकू नका. दोन्ही बरोबर आहेत. ती दोन वेगळी नावं आहेत, एकमेकांशी नातं नसलेली. हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः सलील आहे, दुसरी वेलांटीवाला, आणि शाळेतल्या पहिल्या हजेरीपासून लोक माझी वेलांटी सुधारत आले आहेत.

पहिली वेलांटी दिलीत तर सलिल म्हणजे पाणी. अमरकोशात पाण्याच्या नावांत ‘सलिलं कमलं जलम्’ असं ओळीनं येतं. नद्यांना आपण पुण्यसलिला म्हणतो, ती हीच. पण हे तांब्याभांड्यातलं पाणी नव्हे. मुळात ‘सल्’ म्हणजे हलणं, जाणं, आणि त्यातून आलेलं हे उसळतं, वाहतं पाणी. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात सृष्टीच्या आधीचं वर्णन ‘अप्रकेतं सलिलं सर्वमा इदम्’ असं आहे : काहीच वेगळं ओळखू येत नव्हतं, सगळा नुसता जलौघ होता. नाव म्हणून झकास आहे, माझं काही म्हणणं नाही.

दुसरी वेलांटी दिलीत तर पाण्याचा काही संबंध उरत नाही. सह अधिक लीला, म्हणजे सलील. ‘त्यानं तो दगड लीलया उचलला’ म्हणतो ना, त्यातली लीला. जो खेळकरपणे, सहज, जोर न लावता करतो तो सलील. समासात ‘सह’चा ‘स’ होतो आणि लीलाचा शेवटचा आकार आखडतो, पण मधली ली दीर्घ होती ती दीर्घच राहते. लज्जेचं सलज्ज होतं, दयेचं सदय होतं, तसंच हे. बाबांनी माझं नाव ठेवलं ते या अर्थानं. मी जोर लावल्याशिवाय काहीच करत नाही हा भाग वेगळा.

आता माझे मामा. संस्कृत उत्तम, वृत्तात लिहिण्याचा हात उत्तम, आणि स्वतःचं खरं करण्याची हौस त्याहून उत्तम. त्यांचं म्हणणं असं की सलील हे मुळात नावच नाही, ते क्रियाविशेषण. कुणीतरी सलिल चुकीचं लिहिलं आणि मग अर्थ मागून चिकटवला. बाबा म्हणायचे, क्रियाविशेषण होतं तसं ते विशेषणही होतं, आणि विशेषणाचं नाव होत नाही तर मग विमल, निर्मल, विनीत यांनी काय करायचं? घरातल्या प्रत्येक समारंभाला हा वाद व्हायचा.

मामांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी होती, आणि तुमच्या घरी वाद पेटलाय तोही त्यामुळेच असणार. मराठी कानाला या दोन नावांतला फरक ऐकूच येत नाही. शेवटचं अक्षर व्यंजनासारखं उच्चारलं की त्याआधीची वेलांटी आपण आपसूक लांबवतो. म्हणून मराठीत वकील, गरीब, बहीण असं लिहितात. तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही, तिथं संस्कृतात आहे तसं ठेवायचं. अनिल लिहायचं ऱ्हस्व, पण म्हणताना अनील म्हणायचं. तेव्हा ‘आम्ही म्हणतो तसं लिहा’ हा निकष इथं निरुपयोगी. कान नेहमी दुसरीच सांगणार.

अनिल आणि सुनील ही जोडी बघा म्हणजे कळेल. अनिल म्हणजे वारा. दुसरी दिलीत तर अनील होतं, म्हणजे जो निळा नाही तो. सुनीलचं उलट : सु अधिक नील, गडद निळा. तिथं पहिली दिलीत तर हाती काहीच लागत नाही, तरी निम्मे सुनील आयुष्यभर ‘सुनिल’ लिहून सह्या करतात. या नावांना एकच वेलांटी चालते. सलिलचं दुखणं असं की दोन्ही चालतात, त्यामुळे चूक कुठली हे कागद बघून कुणी सांगू शकत नाही. विचारावं लागतं, आणि ते कुणी करत नाही.

फरक कानाला ऐकू येतो तो फक्त वृत्तात. माझ्या लग्नात मामांनी मंगलाष्टक लिहिलं, अर्थात शार्दूलविक्रीडितात. ओळ अशी होती :

आलासे नवरा सुखी सलिल हा शोभे सभेच्या पुढे

मोजून बघा. या वृत्तात नववं, दहावं, अकरावं अक्षर लागोपाठ लघु असतं, आणि स-लि-ल नेमकं तिथं बसवलेलं. म्हणजे भर मांडवात, अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर, मला पाणी केलं. बाबा माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी ओळ संपायच्या आत बोटांवर मात्रा मोजल्या आणि पंगतीत मामांना पत्रिकेच्या मागं लिहून दिलं :

आलासे नवरा सलील हसरा शोभे सभेच्या पुढे

इथं नाव सातव्या अक्षरावर येतं, लघु-गुरु-लघु, आणि बिनतक्रार बसतं. नवरा-हसरा यमकही जमतं. मामा म्हणाले, ‘जमलंय, पण हसरा भरतीचा आहे.’ सलीलच्या शेजारी हसरा भरतीचा कसा? अर्थच तो आहे! भरतीचा असेल तर त्यांचा ‘सुखी’. लग्न लागत असताना नवरा सुखी आहे हे यांना कुणी सांगितलं?

असो. तुम्ही आधी अर्थ ठरवा आणि मग वेलांटी, उलट नको. पाणी हवं असेल तर पहिली द्या आणि सासरच्यांना अमरकोश दाखवा. लीला हवी असेल तर दुसरी. ‘दोन्ही एकच हो’ म्हणणाऱ्याला वरच्या दोन ओळी चालीवर म्हणायला लावा, नावांची अदलाबदल करून. पहिल्याच ओळीत अडखळेल.

इंग्रजीत Salil लिहिलंत तर दोन्ही त्यात मावतात, आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही. Saleel लिहिलंत तर लीला पक्की, पण मग मराठीत पहिली देऊ नका. एक सांगायचं राहिलं : बंगालीत हे नाव पाण्याच्याच अर्थानं आणि ऱ्हस्वच चालतं, संगीतकार सलिल चौधरी आठवा. आणि अरबीतही सलील हा शब्द आहे, त्याचा अर्थ वंशज. त्याचा आपल्या नावाशी संबंध नाही, पण इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांत हे सगळं एकत्र कालवलेलं असतं, तेव्हा तिथला अर्थ उचलू नका.

जन्मदाखल्यावर मराठी नाव स्वतः वाचून बघा आणि वेलांटीकडे नीट लक्ष द्या. टंकणारा माणूस कानावर जातो. आणि घरात माझ्या मामांसारखं कुणी असेल तर मंगलाष्टकं आधी वाचायला मागवा.