दुसऱ्या शोरूमचे पत्र कसे लिहावे?

प्रश्न: टिळक रस्त्यावर आमचे फर्निचरचे शोरूम आहे, आता बाणेरला दुसरे सुरू होतेय. जुने ग्राहक आणि पुरवठादार, दोघांना एकच पत्र चालेल का?

उत्तर: दोन पत्रे करावीत. ग्राहकाला एवढेच हवे असते, की आधी भरलेल्या आगाऊ रकमेचे आणि वॉरंटीचे काय. म्हणून थेट लिहावे: "टिळक रस्त्यावर नोंदवलेली ऑर्डर, आगाऊ रक्कम व वॉरंटी जशीच्या तशी राहील, तक्रार दोन्हीकडे घेतली जाईल." उद्घाटनाचे निमंत्रण त्याखाली.

पुरवठादाराच्या पत्रात मात्र चूक महागात पडते. दोन्ही शोरूम एकाच मालकीची आणि महाराष्ट्रातच असल्याने जीएसटी क्रमांक तोच ठेवता येतो; परंतु बाणेरचा पत्ता अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून 15 दिवसांत नोंदवावा लागतो आणि तो प्रमाणपत्रावर येईपर्यंत तिकडे माल मागवू नये, अन्यथा गाडी वाटेत अडली तर ई-वे बिलावरील पत्त्याचा खुलासा करत बसावे लागते. तेव्हा पत्रात असे असावे: "बिल पूर्वीप्रमाणेच टिळक रस्त्याच्या नावे करावे, माल कुठे उतरवायचा ते प्रत्येक खरेदी ऑर्डरवर लिहिलेले असेल, आणि ई-वे बिलात तोच पत्ता घालावा." सोबत सुधारित प्रमाणपत्राची प्रत जोडावी. उधारीची मुदत बदलणार नसेल, तर तेही एका ओळीत सांगावे. पुरवठादार विचारत नाहीत, पण शंका तीच असते.