नगरपंचायतीकडे हद्दीचा नकाशा मागताना: वाचकांचे प्रश्न

मी जर्मनीत पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात इंजिनियर आहे, पासपोर्ट भारतीय. आमच्या गावाची नगरपंचायत झाली आहे. गावातल्या मित्रांसाठी नळयोजनेचा आराखडा करतोय. 'आपल्या हद्दीचा नकाशा आणि लोकसंख्या कळवावी' असं पत्र पाठवलं, उत्तरच आलं नाही. काय चुकलं?

'हद्दीचा नकाशा' या नावाचा एकच कागद नगरपंचायतीत नसतो. विकास योजनेचा नकाशा असतो, प्रभाग रचनेचा असतो, आणि भूमी अभिलेख खात्याने मोजलेल्या गावठाणाचा किंवा नगर भूमापनाचा असतो. या तिन्हींच्या कडा बहुधा जुळत नाहीत. पत्र हातात पडलेल्या लिपिकाला यातला नेमका कोणता द्यायचा हे कळत नाही आणि पत्र फायलीत पडून राहतं. म्हणून नकाशाआधी अधिसूचना मागा. 1965च्या नगरपरिषद कायद्याखाली क्षेत्र राजपत्रातल्या अधिसूचनेने ठरतं. गावांची नावं, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा तिच्या परिशिष्टात असतात. कायद्याने ठरलेली हद्द ती. नकाशा हे तिचं चित्र. दोघांत फरक निघाला तर अधिसूचना प्रमाण मानावी.

पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, इतक्याच मजकुराचं लिहा:

> महोदय, मी मूळचा आपल्या शहराचा रहिवासी असून सध्या नोकरीनिमित्त परदेशी आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करण्यासाठी पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात, ही विनंती.
> 1. नगरपंचायतीचे क्षेत्र निश्चित करणारी अंतिम अधिसूचना, परिशिष्टासह. नंतर हद्दवाढ झाली असल्यास तिचीही अधिसूचना.
> 2. अंतिम प्रभाग रचनेचा, बाह्य हद्द दाखवणारा नकाशा. संगणकीय स्वरूपात असल्यास त्याच स्वरूपात.
> 3. त्याच प्रभाग रचनेतील प्रभागनिहाय लोकसंख्येचा तक्ता.
> प्रतींचे शुल्क कळवल्यास भरण्याची व्यवस्था करतो.

तिन्ही कागद कार्यालयात तयार असतात. निवडणुकीआधी प्रभाग रचना प्रसिद्ध करावीच लागते, त्यामुळे दुसरा आणि तिसरा शोधायला कुणाला तळघरात उतरावं लागत नाही.

पंधरा-वीस दिवसांत हालचाल दिसली नाही तर हाच मजकूर माहिती अधिकाराच्या अर्जात घाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण 150 शब्दांत बसावा. वरचा मजकूर त्यात आरामात बसतो. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. परदेशातून पैसे भरताना अडचण येते, कारण टपाल खात्याची इलेक्ट्रॉनिक पोस्टल ऑर्डर केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे, नगरपंचायतीला ती चालत नाही. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलच्या यादीत तुमची नगरपंचायत आहे का ते पाहा. नसेल तर सही केलेला अर्ज घरी पाठवा आणि घरच्यांना कोर्ट फी स्टँप लावून तो कार्यालयात द्यायला सांगा. पोच मात्र घ्यायला लावा. मुदत आणि पुढचं अपील त्या तारखेवरच मोजलं जातं.

अधिसूचना मिळाली. पण त्यातले सर्व्हे नंबर गावनकाशावर टाकले तर हद्द वेडीवाकडी होते, एक तुकडा तर थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो. अधिसूचनाच चुकली आहे का?

अधिसूचनेवर संशय घेण्याआधी हातातला नकाशा गटाचा आहे की सर्व्हे नंबरचा, ते बघा. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या 1947च्या कायद्याखाली अनेक गावांतल्या जमिनींना नवे गट नंबर मिळाले. सर्व्हे नंबर 42 आणि गट नंबर 42 या दोन वेगळ्या जमिनी असू शकतात. परिशिष्टात जुना नंबर आणि तुमच्या नकाशावर नवा, असं असेल तर तुकडा असाच भरकटतो.

खात्री क्षेत्रफळावरून करता येते. समजा, जुन्या नोंदीत सर्व्हे नंबर 42 चं क्षेत्र 12 एकर 20 गुंठे आहे. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे साडेबारा एकर, म्हणजे साधारण 5 हेक्टर 6 आर. नकाशावर तुम्ही 42 म्हणून धरलेला तुकडा 1 हेक्टर 80 आरचा भरला, तर जमीनच चुकीची धरली आहे. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गावाच्या एकत्रीकरण योजनेचा उतारा काढा. कोणता जुना नंबर कोणत्या गटात गेला ते त्यात मिळतं. जुन्या एका नंबरचे तीन गट झालेले असतील तर तिन्ही घ्यावे लागतील.

एवढं झालं की नकाशा QGIS या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायला घ्या. खुणेचे बिंदू निवडताना ओढ्याचा काठ धरू नका, ओढे पात्र बदलतात. तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, गावठाणाचे कोपरे, जुनी बांधीव विहीर हे बिंदू टिकतात. चारांवर थांबू नका, आठ-दहा घ्या आणि ते गावभर पसरलेले असू द्या. एकाच बिंदूचा फरक बाकीच्यांपेक्षा खूप मोठा दिसला तर तो बिंदू चुकीचा ओळखला आहे असं समजा. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या बहुतेक भागासाठी `EPSG:32643` ही निर्देशांक प्रणाली घ्यावी. 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, `EPSG:32644`.

जुन्या गावनकाशावरून काढलेल्या रेषेत काही मीटरांचा फरक राहणारच. जलवाहिनीच्या आराखड्याला तो चालतो. एखादं घर हद्दीच्या आत की बाहेर, हा वाद या रेषेने मिटवू नका; त्यासाठी सरकारी मोजणीच लागते.

नगरपरिषदेने 2011चीच लोकसंख्या दिली. मला आजची हवी होती. पुन्हा अर्ज करू का?

करू नका. 2011 नंतरची जनगणना लांबली; नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. 2025च्या नगरपरिषद निवडणुकांची प्रभाग रचनाही 2011च्याच आकड्यांवर झाली. आजचा अधिकृत आकडा कार्यालयाकडे नाही, आणि जे तयार नाही ते बनवून देण्याची सक्ती माहिती अधिकारात नाही.

त्याऐवजी आलेला आकडा कोणत्या हद्दीचा आहे ते तपासा. हद्दवाढ 2011 नंतरची असेल तर जनगणनेच्या शहराच्या ओळीत नवा भाग नसतो. त्या गावांची लोकसंख्या ग्रामीण भागात वेगळी लिहिलेली असते. पूर्ण गाव आलं असेल तर ती शहराच्या आकड्यात मिळवा. गावाचा तुकडाच आला असेल तर प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेले छोटे भाग, बघावे लागतील, म्हणून प्रभाग रचनेचा तक्ता मागायला सांगितलं.

मग अंदाज करा. समजा, आजच्या हद्दीतल्या क्षेत्राची लोकसंख्या 2001 मध्ये 14,000 आणि 2011 मध्ये 17,500 होती. दशकात 3,500 वाढले, म्हणजे 25 टक्के. सरळ वाढ धरली तर 2026 ला 22,750 येतात. तोच टक्का चक्रवाढीने धरला तर सुमारे 24,450. मी दोन्ही आकडे लिहितो आणि मालमत्ता कराच्या नोंदवहीतली राहती घरं मोजून कोणता जवळचा वाटतो ते पाहतो. बंद घरं वगळायला विसरू नका, बाहेरगावी गेलेल्यांची बरीच असतात. आराखड्यात मात्र 'अंदाजित' हा शब्द आकड्यालगत हवा.

माझ्याकडे ब्रिटिश नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड आहे. मी अर्ज करू शकते का?

माहिती अधिकाराचा अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो, ओसीआय कार्डावर नाही. साधं विनंतीपत्र तुम्ही जरूर लिहा. अर्जाची गरज पडली तर गावातल्या भावाने किंवा मैत्रिणीने तो स्वतःच्या नावे करावा. राजपत्रातली अधिसूचना प्रसिद्ध कागद असल्याने तुम्हाला तिथूनही वाचता येते.